फुटेज एकदाच बघा : रोज कट करणाऱ्यांसाठी तीन सवयी

रोज एक व्हिडिओ पूर्ण करून द्यायचा असतो तेव्हा एडिटरचा वेळ कट मारण्यात फारसा जात नाही. तो शोधण्यात जातो. शेतकरी भावाबद्दल नेमकं वाक्य बोलला होता ते कोणत्या क्लिपमध्ये, कितव्या मिनिटाला? ट्रॅक्टरचा तो स्थिर शॉट कुठे गेला? हे आपण अर्ध्या तासापूर्वी पाहिलेलं असतं, आवडलेलंही असतं, पण त्याची खूण कुठेच केलेली नसते. म्हणून परत प्ले, परत पुढे, परत मागे. दिवसाकाठी असे वीस-पंचवीस शोध झाले की तास-दीड तास गेला, आणि एवढ्या वेळात नवीन काहीच ठरलेलं नसतं.

या लेखात एकच पद्धत सांगतो. फुटेज एकदाच लक्ष देऊन बघायचं आणि बघताना घेतलेला प्रत्येक निर्णय तिथल्या तिथे कळ दाबून नोंदवून ठेवायचा. चांगला भाग, टाकाऊ भाग, नंतर करायचं काम, या तिन्हींसाठी वेगळ्या कळा आहेत. त्या हाताला बसल्या की टाइमलाइनवर गेल्यावर शोधायला फारसं काही उरत नाही.

सगळं फायनल कट प्रोच्या आधाराने सांगतो, कारण क्लिपला शेरा देण्याची सोय त्यात मुळातच आहे. इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्ह या दोन्हींत J, K, L, I, O आणि M या कळा हेच काम करतात. शेऱ्याची जागा तिथे सबक्लिप, फ्लॅग किंवा क्लिपच्या रंगाला द्यावी लागते, एवढाच फरक.

एका दिवसाचं काम

नेहमीच्या कामासारखं एक उदाहरण घेऊ. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव, त्यावर चार मिनिटांचा व्हिडिओ. कार्डावर 64 क्लिप आहेत, एकूण 74 मिनिटं. त्यात एका शेतकऱ्याची मुलाखत 21 मिनिटांची, एका व्यापाऱ्याची 9 मिनिटांची. उरलेल्या 62 क्लिप दृश्यांच्या : ट्रॅक्टरच्या रांगा, बोली लावत पुढे सरकणारे व्यापारी, हातातले कांदे, वजनकाटा, चहाची टपरी. ही दृश्यं 44 मिनिटांची.

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं तयारीला द्या. Option-N दाबून आजच्या तारखेचा नवा इव्हेंट करा आणि फुटेज त्यात घ्या. Option-Command-2 ने ब्राउझर यादीच्या रूपात आणा. मग Control-C दाबा, म्हणजे सगळ्या क्लिप दिसतील, शेरा काहीही असो. निवड करत असताना ब्राउझर याच स्थितीत ठेवा. तो Hide Rejected वर असला, तर तुम्ही नापसंत केलेला भाग डोळ्यांसमोरून लगेच नाहीसा होतो. चुकून भलतीच क्लिप नापसंत झाली तर ते कळतही नाही आणि नंतर ‘क्लिप इम्पोर्टच झाली नाही’ असं वाटून कार्ड परत लावलं जातं.

शेवटची तयारी मराठी एडिटरांसाठी फार महत्त्वाची आहे. नावाची पट्टी देवनागरीत टाइप केल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहतो. मग L दाबलं तरी क्लिप चालत नाही, नुसता टुणकन आवाज येतो, आणि सॉफ्टवेअर अडकलं असं वाटतं. एकेरी अक्षरांच्या कळा चालेनाशा झाल्या तर आधी वरच्या मेनूपट्टीत कीबोर्डची भाषा बघा. Control-Space ने ती परत ABC वर येते. याच कारणासाठी मराठी टायपिंगची कामं सुटी-सुटी न करता एकत्र करावीत. त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिली फेरी : बाइट

मुलाखतीपासून सुरुवात करा, कारण व्हिडिओचा कणा बोलण्यातून ठरतो आणि दृश्यं त्यावर चढतात. क्लिप निवडा, डाव्या हाताची बोटं F आणि Control जवळ ठेवा, उजव्या हाताची J, K, L वर. I आणि O त्यांच्या वरच्याच ओळीत आहेत, त्यामुळे हात हलवावा लागत नाही.

L दाबलं की क्लिप चालू होते, दुसऱ्यांदा दाबलं की दुप्पट वेगाने. J ने उलटी चालते, K ने थांबते. K दाबून धरून L ला एकेक टिचकी मारली तर एकेक फ्रेम पुढे सरकते. मुलाखत दुप्पट वेगाने ऐका. बोलणं समजतं, आणि तीस मिनिटांची दोन्ही बोलणी पंधरा मिनिटांत संपतात. कामाचं वाक्य येतंय असं जाणवलं की J ने जरा मागे या, L ने साध्या वेगात ऐका, वाक्य सुरू होताना I, संपल्यावर O आणि लगेच F. त्या भागावर हिरवी रेघ उमटते. तो भाग पसंत झाला. क्लिप थांबवायची गरज नाही. I आणि O चालत्या क्लिपवरही लागतात.

इथे चार गोष्टींची काळजी घ्यावी लागते.

पहिली, I दाबल्यावर निवड क्लिपच्या शेवटापर्यंत पसरलेली असते. O दाबायच्या आधी घाईत F दाबलं, तर तिथून शेवटापर्यंतचा सगळा भाग पसंत होतो. हिरवी रेघ अपेक्षेपेक्षा लांब दिसली की हेच घडलं असं समजा. Command-Z करा आणि क्रम परत पाळा. काहीच निवडलेलं नसताना F दाबलं तर अख्खी क्लिप पसंत होते. तिथेही रेघ बघूनच कळतं. Command-Z च्या पलीकडे गेलेली चूक U ने सुधारते, कारण U निवडलेल्या भागावरचा शेरा काढून टाकतं.

दुसरी गोष्ट स्किमरची. माउस क्लिपवर नेला की त्याच्यासोबत चित्र सरकतं, ही सोय दृश्यं चाळताना छान आहे. पण स्किमर चालू असला की I आणि O स्किमरच्या जागी लागतात, प्लेहेडच्या जागी लागत नाहीत. माउसला नकळत धक्का लागला की खूण भलतीकडे पडते. म्हणून बाइट निवडताना S दाबून स्किमर बंद करा आणि दृश्यांकडे वळताना परत S दाबा.

तिसरी, दोन पसंत भाग एकमेकांवर आले तर ते जुळून एकच होतात. एकाच उत्तरातली दोन वाक्यं वेगवेगळी वापरायची असतील, तर दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा राहू द्या.

चौथी गोष्ट मराठी बोलण्याची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘एवढ्या भावात खर्चसुद्धा’ इथपर्यंत कट करून चालत नाही, ‘निघत नाही’ ऐकलं पाहिजे. आणि बोलता बोलता माणूस हे शेवटचे शब्दच गिळतो, किंवा त्यावर आवाज खाली आणतो. म्हणून O दाबायची घाई करू नका. क्रियापद पूर्ण ऐका, त्यानंतर अर्धा सेकंद जाऊ द्या, मग O. उलट वाक्याच्या सुरुवातीला ‘म्हणजे’, ‘तर कसंय ना’ असे शब्द असतात. तिथे I थोडं उशिरा दाबलं तरी काही बिघडत नाही. शेवटाला मोकळी जागा ठेवली की टाइमलाइनवर फ्रेम कमी करता येतात. तोकडी निवड केली तर त्या बाइटसाठी पुन्हा मूळ क्लिप ऐकावी लागते, आणि तेच तर आपल्याला टाळायचं आहे.

आपल्या उदाहरणात या फेरीतून अकरा बाइट निघाल्या, मिळून साधारण साडेसहा मिनिटं. चार मिनिटांच्या व्हिडिओला हा साठा पुरेसा आहे. वीस-बावीस बाइट निघू लागल्या, तर आपण निवडत नसून जमा करतोय असं समजावं. अशा वेळी निवडीचं काम टाइमलाइनवर ढकललं जातं आणि तिथे ते जास्त वेळ खातं.

आता मराठी टायपिंग, एकाच बैठकीत. यादीत क्लिपच्या नावाशेजारच्या त्रिकोणावर क्लिक केलं की तिच्यातले पसंत भाग एकाखाली एक दिसतात. प्रत्येकाचं नाव आधी Favorite असंच असतं, ते बदलता येतं. कीबोर्ड मराठीवर घ्या आणि अकराही नावं लिहून टाका : ‘खर्च निघत नाही’, ‘गाडीभाडं’, ‘चाळीत सडतो’, ‘निर्यातीचं’. दोन-तीन शब्द पुरेत. मग कीबोर्ड परत ABC वर. ही नावं ब्राउझरच्या शोधात सापडतात, त्यामुळे संध्याकाळी ‘गाडीभाडं कोण बोललं होतं?’ असा प्रश्न आला तर उत्तर दोन सेकंदांत मिळतं.

दुसरी फेरी : दृश्यं

दृश्यांची रीत वेगळी आहे. मुलाखतीत एका लांब क्लिपमधून अनेक तुकडे काढायचे असतात. दृश्यांत बहुतेक क्लिपमधून एकच तुकडा, चार ते सात सेकंदांचा, किंवा तेवढाही नाही. Option-Command-1 ने फिल्मस्ट्रिप आणा, स्किमर चालू करा आणि क्लिपमागून क्लिप चाळत जा. कॅमेरा स्थिरावल्यावर I, हलायच्या आधी O, मग F. क्लिप अगदीच निरुपयोगी असेल तर तसंच पुढे जा. पसंत नसलेली प्रत्येक क्लिप नापसंत करत बसायची गरज नाही. पुढे आपण फक्त पसंत भागच बघणार आहोत, बाकीचं आपोआप बाजूला पडेल.

मग नापसंतीची कळ कशासाठी? जे चुकूनही व्हिडिओत जाता कामा नये, त्यासाठी. मुलाखतीत शेतकऱ्याने ‘हे दाखवू नका बरं का’ म्हणून कर्जाबद्दल काही सांगितलं असेल, तर ते बोलणं I, O ने निवडून Delete दाबा. त्यावर लाल रेघ येते. परवानगीशिवाय चेहरा जवळून टिपला गेलेलं लहान मूल, कोणाच्या तरी पावतीवरचा फोन नंबर, हेही असंच. रोजच्या घाईत हे लक्षात राहील यावर विसंबू नये. तुमच्या जागी उद्या दुसरा एडिटर बसला, तरी लाल रेघ त्याला थांबवेल.

Delete ने केलेली नापसंती डिस्कवरून काहीच पुसत नाही. जागाही मोकळी होत नाही. Control-C दाबलं की तो भाग परत दिसतो आणि U ने शेरा निघतो. मात्र Command-Delete ही पूर्णपणे वेगळी आज्ञा आहे. ती क्लिप लायब्ररीतून ट्रॅशमध्ये पाठवते. दोन्हींत फरक फक्त Command चा असल्याने Delete दाबताना अंगठा Command वर टेकलेला नाही ना, एवढं बघण्याची सवय लावा.

आणखी एक चूक इथे वारंवार होते. Delete चा अर्थ तुम्ही कुठल्या भागात काम करताय त्यावर ठरतो. ब्राउझरमध्ये ती नापसंतीची कळ आहे. टाइमलाइनमध्ये ती निवडलेली क्लिप काढून टाकते आणि पुढचं सगळं मागे सरकतं. लक्ष टाइमलाइनवर असताना ब्राउझरमधली क्लिप नापसंत करायला गेलात, तर बांधून झालेल्या कटमधला एखादा तुकडा गायब होतो आणि एक्सपोर्ट होईपर्यंत कळत नाही. म्हणून ब्राउझरकडे वळताना Command-1 आणि टाइमलाइनकडे वळताना Command-2 दाबायची सवय लावा. माउसने क्लिक करण्यापेक्षा ते जलद आहे, आणि कोणता भाग चालू आहे याची खात्रीही त्यानेच होते.

या फेरीनंतर आपल्याकडे 28 दृश्यं पसंत झाली. सरासरी पाच सेकंद धरली तर दोन मिनिटं वीस सेकंद. व्हिडिओचा निम्म्याहून अधिक भाग त्यांनी झाकता येईल, आणि उरलेल्या वेळात बोलणाऱ्याचा चेहरा दिसायलाच हवा. म्हणजे दृश्यंही पुरेशी आहेत.

टाइमलाइनवर

आता Control-F दाबा. 74 मिनिटांचं फुटेज नाहीसं होऊन ब्राउझरमध्ये फक्त पसंत केलेले 39 तुकडे उरतात. Option-Command-2 ने परत यादी आणा, तिच्यात मुलाखतींच्या अकरा बाइट निवडा आणि E दाबा. सगळ्या एकापाठोपाठ एक टाइमलाइनच्या शेवटी जाऊन बसतात. प्रोजेक्ट रिकामा असल्याने हाच तुमचा पहिला कच्चा कट झाला.

तो सुरुवातीपासून ऐका आणि क्रम लावा. क्लिप उचलून दुसरीकडे ठेवली की बाकीच्या आपोआप जागा करून देतात. जी बाइट कमी वाटते ती लगेच काढू नका. तिच्यावर V दाबा, ती बंद होते पण जागेवर राहते. तिच्याशिवाय ऐकून बघा. पटलं तर मग Delete.

छाटणीसाठी ब्लेड हातात घ्यायची गरज फार कमी वेळा पडते. प्लेहेड जिथे बाइट सुरू व्हायला हवी तिथे ठेवून Option-[ दाबलं की त्याच्या आधीचा भाग जातो. जिथे संपायला हवी तिथे Option-] दाबलं की नंतरचा भाग जातो. दोन्ही वेळा पुढच्या क्लिप सरकून येतात, पोकळी राहत नाही. मधोमध तोडायचं असेल तर Command-B. शेवटची बारीक दुरुस्ती कटची कड निवडून स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी करा. प्रत्येक दाबण्याला एक फ्रेम, Shift सोबत दहा. आपल्याकडे बहुतेक काम सेकंदाला 25 फ्रेमचं असतं, म्हणजे दहा फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद. गिळलेलं ‘नाही’ पूर्ण ऐकू यायला बहुतेकदा पाच-सहा फ्रेम लागतात, आणि O उशिरा दाबल्यामुळे त्या तुमच्याकडे शिल्लक असतात.

आता दृश्यं चढवा. आधी Shift-2 दाबा, म्हणजे यापुढे फक्त चित्र येईल, त्याचा आवाज येणार नाही. प्लेहेड बाइटवर हव्या त्या शब्दाशी आणा, ब्राउझरमध्ये दृश्य निवडा, Q दाबा. दृश्य त्या जागी वर जोडलं जातं आणि खालच्या बाइटशी बांधलेलं राहतं. बाइट हलवली तर तेही सोबत हलतं. ‘गाडीभाडं’ या शब्दावर ट्रॅक्टरची रांग, ‘चाळीत सडतो’ वर हातातला खराब कांदा, अशी 28 पैकी वीस-बावीस दृश्यं बसली की चित्र उभं राहतं.

दृश्यं चढवून झाल्यावर Shift-1 दाबायला विसरू नका. विसरलात तर पुढची बाइट टाइमलाइनवर मुकी येते. क्लिपखाली आवाजाच्या लाटा दिसत नाहीत, ही त्याची खूण. माइक खराब होता की काय म्हणून कार्ड तपासायच्या आधी Shift-1 तपासा. लिलावाची बोली, वजनकाट्याचा खणखणाट अशी जी एक-दोन दृश्यं आवाजासकट हवीत, ती Shift-1 झाल्यावर शेवटी लावा.

एखादी बाइट टाइमलाइनवर तोकडी वाटली तर ती निवडून Shift-F दाबा. ब्राउझर थेट मूळ क्लिपमध्ये त्याच जागी पोहोचतो. शोधाशोध करावी लागलीच, तर ती एवढ्यावर भागते.

मार्कर : नंतरच्या कामांची यादी

पसंतीला लांबी असते, मार्कर हा एक बिंदू असतो. म्हणून मार्करचं काम वेगळं ठेवा. ‘हा भाग चांगला’ यासाठी F वापरायचं आणि ‘इथे काहीतरी करायचंय’ यासाठी M.

कट ऐकताना मनात बारीकसारीक कामं येत राहतात. व्यापाऱ्याचं आडनाव नक्की काय? इथे भावाचा आकडा पट्टीवर द्यायचा. इथे मागे हॉर्न वाजतोय, आवाज कमी करायला हवा. प्रत्येक वेळी थांबून ते करायला गेलात तर कथेची लय मनातून निसटते. त्याऐवजी चालू असतानाच M दाबा आणि ऐकत राहा. कट संपल्यावर मागे येऊन प्रत्येक मार्करवर परत M दाबा, एक छोटी खिडकी उघडते. वरच्या तीन चिन्हांपैकी मधलं निवडा, म्हणजे तो करायच्या कामाचा मार्कर होतो आणि निळ्याचा लाल दिसू लागतो. दोन शब्द लिहा : ‘आडनाव विचारा’, ‘भाव पट्टी’, ‘हॉर्न’. हेही मराठी टायपिंग एकाच बैठकीत करा.

मग Shift-Command-2 ने टाइमलाइन इंडेक्स उघडा आणि Tags वर जा. सगळे मार्कर यादीसारखे दिसतात, त्यातून फक्त अपुरी कामं निवडून बघता येतात. नावावर क्लिक केलं की प्लेहेड तिथे जातो, काम करायचं, चौकोनात टिक करायची, मार्कर हिरवा होतो. आपल्या उदाहरणात सात लाल मार्कर होते. ही यादी रिकामी झाल्याशिवाय एक्सपोर्ट करायचं नाही, असा नियम करून टाका. रात्री नऊला चुकीच्या आडनावाचा फोन येतो तेव्हा बहुतेकदा ते काम कोणाच्या तरी मनात होतं, यादीत नव्हतं.

मार्करची एक मर्यादा लक्षात ठेवा. फायनल कट प्रोमध्ये मार्कर क्लिपला चिकटतो, टाइमलाइनच्या वेळेला चिकटत नाही. क्लिप हलली तर मार्कर सोबत जातो, हे चांगलं. पण क्लिप काढली तर मार्करही जातो, आणि त्यावर लिहिलेलं कामसुद्धा. म्हणून व्हिडिओत राहीलच असं नक्की वाटत नाही अशा बाइटवर महत्त्वाची नोंद करू नका; शेजारच्या पक्क्या बाइटवर करा. वर जोडलेल्या दृश्यावर मार्कर हवा असेल तर आधी ते दृश्य निवडा, मग M दाबा.

संगीतावर कट करायचा असेल तेव्हाही M कामाला येतो. संगीताची क्लिप निवडा, वाजवा आणि तालावर M टिचकत जा. मग N ने स्नॅपिंग चालू करा. दृश्याची कड मार्करजवळ नेली की ती आपोआप चिकटते. Control-; ने मागच्या आणि Control-' ने पुढच्या मार्करवर जाता येतं. आपल्या कांद्याच्या व्हिडिओत सुरुवातीच्या बारा सेकंदांसाठी एवढं पुरलं.

कळा हाताला कशा बसवाव्यात

वर तीस-पस्तीस कळांची नावं आली. त्या एका दिवशी पाठ करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त J, K, L, I, O, F वापरा आणि बाइटची फेरी माउसशिवाय करा. पहिले दोन-तीन दिवस वेळ वाढेल, म्हणून ज्या दिवशी मुदत घट्ट नसेल असा दिवस सुरुवातीला निवडा. दुसऱ्या आठवड्यात E, Q, Shift-1, Shift-2, Option-[ आणि Option-]. तिसऱ्यात M आणि टाइमलाइन इंडेक्स.

यानंतर स्वतःच्या कळा ठरवाव्यात. एका दिवशी कागद जवळ ठेवून ज्या कामासाठी मेनूपर्यंत माउस न्यावा लागला त्या प्रत्येक कामापुढे रेघ मारा. दिवसअखेर तीनपेक्षा जास्त रेघा ज्यांच्यापुढे असतील, त्यांनाच कळ द्या. Option-Command-K ने कमांड एडिटर उघडतो. आधी मूळ संचाची प्रत करून घ्या, मग त्या प्रतीत बदल करा. हा संच फाइल म्हणून बाहेर काढता येतो. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर बसावं लागलं तरी हात अडखळणार नाहीत. वर सांगितलेल्या मूळ कळा मात्र बदलू नका. शेजारचा एडिटर तुमच्या मशीनवर बसेल तेव्हा त्याच्या हाताला त्याच कळा सापडायला हव्यात.

फुटेज अगदी थोडं असेल, आठ-दहा क्लिप आणि एक छोटी बाइट, तर ही सगळी पद्धत वापरू नका. थेट I, O, E करा. शेरे देण्यात गेलेला वेळ तिथे परत मिळत नाही. साधारण अर्ध्या तासापेक्षा जास्त फुटेज असलं की फरक जाणवू लागतो.

उद्याचा साठा

रोज काम करणाऱ्याला या सवयीचा एक फायदा महिन्याभरानंतर दिसतो. लायब्ररीच्या Smart Collections मध्ये Favorites नावाचा एक संग्रह आधीपासूनच असतो. त्यात सगळ्या इव्हेंटमधले पसंत भाग जमा होत जातात. पण त्यात बाइटचीही गर्दी होते, म्हणून दृश्यांपैकी जी पुन्हा वापरता येतील अशी वाटतात, ट्रॅक्टरची रांग, भरलेलं मार्केट, तोललेला कांदा, त्यांना एक कीवर्ड लावा. Command-K ने कीवर्डची खिडकी उघडून ‘साठा’ हा शब्द पहिल्या जागी लिहून ठेवा. मग पसंत केलेलं दृश्य निवडून Control-1 दाबलं की ते साठ्यात जातं. शूटिंगची तारीख इव्हेंटच्या नावात तशीच राहू द्या. मागच्या हंगामाचं दृश्य आजचं म्हणून दाखवलं जाऊ नये.

पुढे कधीतरी सकाळी अचानक भाव कोसळल्याची बातमी येईल आणि कॅमेरामन दुपारपर्यंत लासलगावला पोहोचणार नसेल. तेव्हा साठा उघडा, तारीख बघा, पट्टीवर ‘संग्रहित दृश्य’ लिहा आणि Q दाबायला लागा. ते दृश्य महिन्यापूर्वी तुम्ही पाहिलं होतं आणि तेव्हाच निवडून ठेवलं होतं. आज ते पुन्हा बघत बसायची गरज नाही.